पुणे–दिल्ली: मध्यरात्रीची फ्लाइट की आदल्या संध्याकाळची? तुमचे अनुभव लिहा

कोथरूडकर_वकील
पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टात एका प्रकरणाची तारीख आहे. साडेदहाला कोर्ट बसतं, म्हणजे दहापर्यंत आत असायला हवं. दोन पर्याय समोर आहेत. एक, रात्री १.५० ला पुण्याहून सुटणारी फ्लाइट, तिकीट ४१०० रुपये, चारच्या सुमारास दिल्लीत. दुसरा, आदल्या संध्याकाळची, ६३०० रुपये, वर एका रात्रीचं हॉटेल ३२००. सरळ हिशेब केला तर रात्री गेल्यावर ५४०० रुपये वाचतात. अशिलाची परिस्थिती बेताची आहे, त्यामुळे मला ही रक्कम मोठी वाटते. पण उभं राहून बोलायचं मलाच आहे. ज्यांनी हा प्रवास रात्री करून सकाळी काम केलंय त्यांनी शरीराचा आणि पैशाचा दोन्हीचा अनुभव लिहावा. दिवसाच जाणाऱ्यांनीही लिहा.

बाणेर_रोड
रात्रीचीच घ्या. मी कायम रात्रीचीच घेतो. तिकीट नेहमी स्वस्त असतं आणि विमानतळावर गर्दी नसल्यामुळे विमानही वेळेवर सुटतं. दिल्लीत उतरून कॉफी प्यायली की माणूस ताजा.

ट्रॅव्हल_डेस्क
एका कंपनीत लोकांची तिकिटं काढण्याचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हॉटेलचं. ३२०० वाचतात हे कागदावर खरं आहे. पण दिल्लीतल्या बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी बारा ते दोनला असतं. तुम्ही चारला उतरणार, कोर्ट साडेदहाला. मधले सहा तास कुठे काढणार? आंघोळ, दाढी, इस्त्रीचे कपडे, बँड, गाऊन हे सगळं कुठेतरी करायचंच आहे. लवकर चेक-इन मागितलं तर अनेक ठिकाणी अर्ध्या दिवसाचं भाडं घेतात. १६०० धरा. रात्री कोथरूडहून लोहगावला कॅबचे दोन-तीनशे जास्त जातात. म्हणजे तुमचे ५४०० प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आसपास येतात. तेही काही कमी नाहीत, पण निर्णय या आकड्यावर घ्या.

आता झोपेचं. पुणे–दिल्ली हवेत जेमतेम दोन तास. १.५० च्या फ्लाइटसाठी तुम्ही साडेअकराला घराबाहेर पडणार. दीड वाजता आसनावर. उड्डाणानंतर दिवे मंद व्हायला वीस मिनिटं, मग खाण्याची ट्रॉली, उतरण्याआधी अर्धा तास पुन्हा दिवे, खुर्ची सरळ करा, पट्टा बांधा. सलग झोप एक तास मिळाली तर नशीब. रात्रभराच्या लांब उड्डाणात चार-पाच तास तरी हाताला लागतात. इथे रात्र पूर्ण जाते आणि झोप मात्र डुलकीइतकीच मिळते.

बाणेर_रोड, वेळेबद्दल थोडं. विमानतळावर गर्दी कमी असते हे खरं. पण रात्री दीडचं विमान सहसा दिवसभर चार-पाच शहरं फिरून आलेलं असतं. दुपारी कुठे तासभर खोळंबलं की तो उशीर रात्रीपर्यंत पुढे सरकत येतो. वेळेवर सुटण्याची खात्री जास्त असते ती पहाटे साडेपाच-सहाच्या विमानाची, कारण ते बहुधा रात्रभर तिथेच उभं असतं. आणि स्वस्ताईचं म्हणाल तर शुक्रवारी आणि रविवारी रात्री नोकरदारांची गर्दी असते, तेव्हा मध्यरात्रीचं तिकीट दुपारच्यापेक्षा महागही निघतं.

फ्रीमॉन्ट_मराठी
आमच्याकडे हा रोजचाच विषय. सॅन फ्रान्सिस्कोहून नूअर्कला रात्री साडेदहा-अकराला निघायचं, तिथे सकाळी सात. हवेत पाच-सव्वापाच तास, वर घड्याळ तीन तास पुढे. तिथल्या सातला आपल्या शरीराचे पहाटेचे चार वाजलेले असतात. पहिली मीटिंग निभते, कारण अंगात तरतरी असते. खरा फटका दुपारी दोननंतर बसतो. समोरचा बोलतोय ते ऐकू येतं, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय की अशा दिवशी उतरल्यावर भाड्याची गाडी स्वतः चालवायची नाही.

सदाशिव_आजोबा
माझं वय ७४. इन्सुलिन घेतो. मुलगी नोइडाला असते, ती स्वस्त म्हणून रात्रीचं तिकीट पाठवते. रात्री नऊला जेवून इंजेक्शन घेतलं की पुढे विमानतळावर रांगा, चालणं, मग पहाटे चहा-बिस्कीट. एकदा तीनच्या सुमारास घाम फुटून हात थरथरायला लागले, हवाई सुंदरीने साखरेचं पाणी दिलं. त्यानंतर डॉक्टरांना विचारून दुपारची फ्लाइट ठरवली. मधुमेह असणाऱ्यांनी पैशांचा विचार नंतर करावा. (तुमचा प्रश्न कोर्टाचा आहे, पण माझ्यासारखे वाचत असतील म्हणून लिहिलं.)

कोथरूडकर_वकील
काका, बरं झालं लिहिलंत. अशीलही सोबत येणार आहेत आणि त्यांना साखर आहे. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मृदुला_हडपसर
जाताना रात्री आणि येताना रात्री यात फार फरक आहे, त्यावर कुणी लिहिलं नाही. जाताना पहाटे चारला परक्या शहरात उतरता, खोली नाही. येताना रात्री अकराच्या फ्लाइटने एक-दीडला पुण्यात, अडीचला स्वतःच्या गादीवर. हॉटेलची रात्र खऱ्या अर्थाने वाचते ती येताना. सकाळी चेकआउट करून बॅग हॉटेलच्याच क्लोकरूममध्ये ठेवायची, काम उरकायचं, संध्याकाळी बॅग उचलायची.

पण एकट्या बाईसाठी रात्री दीड-दोन वाजता लोहगावहून कॅब हा वेगळा विषय आहे. विमानतळावरच्या अधिकृत पार्किंगमधूनच गाडी घ्यायची, बाहेर रस्त्यावर येऊन नाही, आणि घरी एक जण जागा ठेवायचा. माझा भाऊ जागतो. म्हणजे माझे पैसे वाचतात ते त्याच्या झोपेतून, हेही हिशेबात धरायला हवं असं मला वाटतं.

बाणेर_रोड
शुक्रवारचे दर आत्ता पाहिले. ट्रॅव्हल_डेस्क म्हणतायत ते बरोबर, मध्यरात्रीचं महाग आहे. पण मंगळवार-बुधवारी अजूनही रात्रीचंच स्वस्त दिसतंय. आणि मला स्वतःला त्रास होत नाही, हा माझा अनुभव कायम.

ट्रॅव्हल_डेस्क
काहींना खरंच होत नाही. पण तिशीत झेपणारं चाळिशीत झेपत नाही असं आमच्याच लोकांच्या बाबतीत पाहिलंय.

वकीलसाहेब, तारीख डिसेंबर-जानेवारीत असेल तर मात्र पहाटे दिल्लीत उतरणारं काहीही घेऊ नका. दाट धुकं असतं ते नेमकं पहाटेपासून नऊ-दहापर्यंत. उपकरणांच्या आधारे अगदी कमी दृश्यमानतेत उतरता येतं, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघेही त्या दर्जाचे लागतात. नाहीतर विमान जयपूर किंवा लखनौला वळवतात आणि तुम्ही साडेदहाला तिथल्या धावपट्टीवर बसलेले असता. पुण्यात आकाश निरभ्र असतं, त्यामुळे निघताना अंदाज येत नाही.

कोथरूडकर_वकील
तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. जाताना आदल्या संध्याकाळची काढतोय. हॉटेल मंडी हाउसजवळ पाहिलंय, तिथून मेट्रोने सुप्रीम कोर्ट स्टेशन एकच थांबा. येताना रात्री अकराची. अशिलांसाठी मात्र ती परतीची रात्रही जड जाईल असं काका वाचून वाटतंय, त्यांचं दुसऱ्या दिवशी दुपारचं काढावं का? मग त्यांची एक रात्र वाढते आणि सोबत कुणी नाही. यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

सदाशिव_आजोबा
त्यांना एकटं ठेवू नका. रात्रीच आणा, पण साडेनऊला विमानतळावर पोटभर जेवण द्या. इंजेक्शन कधी घ्यायचं ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.