ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावतंय का? मापं घेण्याचे अनुभव लिहा

पेचकस
शेजारच्या धाग्यात कोणीतरी लिहिलंय, "कॅबिनेटवर ३३० मिमी छापलंय, मग ४०७० बसेलच." जीटीएक्सच्या जमान्यापासून हे वाक्य ऐकतोय. तेच वाचून धागा काढला.

'४०७० बसेल का' हा प्रश्न मुळात अर्धा आहे. एनव्हिडियाचं स्वतःचं आरटीएक्स ४०७० फाउंडर्स एडिशन २४४ मिमी लांब, ११२ मिमी उंच आणि दोन स्लॉट जाड. असूसचं ड्युअल ४०७० घेतलंत तर २६७ लांब, १३४ उंच, ५१ जाड. त्यांचंच टफ घेतलंत तर ३०१, १३९ आणि ६३. आत चिप एकच, पण पहिलं छोट्या कॅबिनेटमध्ये आरामात जातं आणि तिसरं दारातच अडतं. त्यामुळे आधी नेमकं मॉडेल ठरवा आणि त्या कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या पानावरून तिन्ही आकडे घ्या. विक्रीच्या साइटवर बऱ्याचदा खोक्याचं माप टाकलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

कोणी काय मोजलं, कुठे अडलं, लिहा.

दादर_लोकल
एवढं अवघड नाहीये हो. ३३० वजा ३०१, २९ मिमी उरले. विषय संपला.

पेचकस
@दादर_लोकल, ३३० कुठून कुठपर्यंत? काही कंपन्या पुढचे पंखे लावून मोजतात, काही नुसत्या पत्र्यापर्यंत. पंखा २५ मिमी जाड असतो, म्हणजे तुमच्या २९ पैकी २५ गेले. उरलेल्या ४ मिमीत कार्ड आत घालून दाखवा. ते सरळ खाली जात नाही. मागची ब्रॅकेट खाचेत घालायला कार्ड तिरकं धरावं लागतं, तिथे निदान सेंटिमीटरभर मोकळी जागा हवी.

दादर_लोकल
पंखे काढायचे, कार्ड घालायचं, पंखे परत लावायचे. 😎

पेचकस
चालतं की. फक्त पुढे कधी पंखा बदलायचा झाला तर स्क्रू गाठायला आधी कार्ड काढायची तयारी ठेवा.

साबुदाणावडा
शीर्षकातलं 'कॅबिनेट' वाचून वाटलं मंत्रिमंडळात कोण मावतंय याची चर्चा आहे. चालू द्या. कुकर लावलाय, शिट्टी झाली की परत येते.

निळू_औंध
माझी केस सांगते. मायक्रो एटीएक्स कॅबिनेट, माहितीपत्रकात जीपीयू ३३० आणि सीपीयू कूलर १६०. पुढे २४० चं लिक्विड कूलर, रेडिएटर पुढच्या पत्र्याला आणि पंखे त्याच्या आतल्या बाजूला. एसएमपीएस ६५० वॉट, त्याचा प्रश्न नाही. ड्युअल आणि टफमध्ये ५-६ हजारांचा फरक दिसतोय आणि टफ शांत चालतं म्हणतात, म्हणून तेच घ्यावंसं वाटतंय.

पेचकस
निळूताई, कागदावरचा हिशोब आधी. बहुतेक २४० रेडिएटर २७ मिमी जाड, पंखे २५. ३३० मधून ५२ गेले, राहिले २७८. टफ इथेच बाद. ड्युअलला ११ मिमी उरतात, म्हणजे ३३० हे माप पंख्याशिवायचं धरून. पंखे लावून मोजलेलं असेल तर थोडे जास्त.

आता खरं माप घ्या. पीसी बंद करा, वायर काढा, काच काढा. मागच्या स्लॉटची पत्र्याची एक पट्टी काढा म्हणजे टेपचं टोक नीट टेकेल. मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूपासून पंख्याच्या मागच्या कडेपर्यंत मोजा, आणि ते कार्ड बसणार त्याच उंचीवर मोजा. वर किंवा खाली मोजलंत तर पंख्याची चौकट, स्क्रूचं डोकं किंवा नळीचा जोड सुटून जातो. सोबत कार्डाच्या खाचेपासून खाली एसएमपीएसवरच्या झाकणापर्यंत आणि बोर्डाच्या पृष्ठभागापासून काचेपर्यंतही मोजा.

खारदांडा
जाडीचं सोपं आहे. एक स्लॉट म्हणजे २० मिमी. टफ ६३ म्हणजे तीन स्लॉटचं. मायक्रो एटीएक्सला चार स्लॉट असतात, बसतंय.

पेचकस
@खारदांडा, जवळजवळ बरोबर. एक स्लॉट २०.३२ मिमी, तीनचे ६१. टफ त्याच्या २ मिमी पुढे जातं, म्हणजे चौथ्या स्लॉटमध्ये डोकावतं. पत्र्याच्या पट्ट्यांचा हिशोब केला तर फरक पडत नाही. पण त्या चौथ्या स्लॉटमध्ये वायफाय किंवा कॅप्चर कार्ड असेल तर ते पंख्याच्या तोंडाशी येतं, मग तो पंखा कुठून हवा ओढणार?

दुसरं म्हणजे नुसतं मावणं पुरत नाही. कार्डाचे पंखे आणि एसएमपीएसवरचं झाकण यांत मी निदान २० मिमी धरतो. त्याहून कमी उरलं तर पंख्यांचा आवाज चढतो आणि तापमानही. ओळखायचं कसं? गेम चालू ठेवून काच काढा. पाच-दहा मिनिटांत तापमान ठळक उतरलं आणि पंखे मंदावले, तर हवा कोंडत होती.

मधुरा
मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये २० पण कमीच वाटतात. खोलीतच ४० असतं.

साबुदाणावडा
@मधुरा, आमच्याकडे लाइटच नसते, कार्ड आपोआप थंड. 😂

मधुरा
हाहा. इन्व्हर्टरवर चालवू नकोस म्हणजे झालं.

निळू_औंध
मोजलं. मागच्या पत्र्यापासून पंख्यापर्यंत २७६. ग्राफिक्स कार्डाच्या खाचेपासून खालच्या झाकणापर्यंत ८४. बोर्डाच्या पृष्ठभागापासून काचेपर्यंत १६८. हे शेवटचं का मोजायला लावता तुम्ही लोक? कार्ड त्या बाजूला कुठे जातं?

पेचकस
जातंच की. माहितीपत्रकातली कार्डाची 'उंची' टॉवरमध्ये काचेच्या दिशेने येते. ड्युअल १३४ मिमी. खाचेत बसल्यावर ते बोर्डापासून चारेक मिमी वर राहतं, म्हणजे साधारण १३८. तुमच्याकडे १६८, उरले ३०. एवढ्यात वीज केबलचा प्लग आणि तिचं वळण बसवायचंय. साध्या ८ पिनला ३० मिमी तंग आहे पण जमतं, मऊ सपाट केबल असेल तर. जाड वेणीच्या एक्स्टेंशन केबल लावू नका, त्या वळत नाहीत आणि काच त्यांना दाबते.

१६ पिनचा नवा कनेक्टर असलेलं मॉडेल असेल तर नियम कडक. प्लगपासून ३५ मिमी केबल सरळ ठेवायची, मग वळवायची, असा केबल बनवणाऱ्यांचा सल्ला आहे. काचेने दाबून प्लग अर्धवट बाहेर आला की पिना नीट टेकत नाहीत, तिथेच गरम होऊन प्लास्टिक वितळतं. १३९ उंचीचं कार्ड आणि वर ३५ म्हणजे १७८ च्या आसपास, १६० कूलरवाल्या कॅबिनेटमध्ये काच लागणारच नाही. अर्थात काही कार्डांत सॉकेट कडेपासून आत खोबणीत असतं, तिथे थोडी सूट मिळते. फोटो बघूनच कळतं.

रत्नाग्री_गेमर
ऑफिसातून काढलेला ऑप्टिप्लेक्स आहे, चपटा वाला. त्यात ४०७० जाईल का? लांबी भरपूर दिसते.

खारदांडा
दादा, त्यात कार्ड उभं राहणारच नाही. नेहमीची ब्रॅकेट १२० मिमीची, चपट्याला ८० मिमीची लागते. शिवाय एसएमपीएसही लहान.

पेचकस
+१. तिथे लो प्रोफाइल ३०५० ६ जीबी बघा, ७० वॉट, वेगळी वीज केबल लागत नाही. पण काही मॉडेलांत मोठी खाच एसएमपीएसला खेटून असते आणि दोन स्लॉटचं कार्ड बसत नाही. झाकण उघडून खाचेशेजारी किती रिकामं आहे ते बघा आणि फोटो टाका.

रत्नाग्री_गेमर
संध्याकाळी टाकतो. झाकणावर मांजर बसलंय.

निळू_औंध
म्हणजे टफ गेलं. ड्युअलला २७६ वजा २६७, ९ मिमी. ते तिरकं करायचं कसं?

दादर_लोकल
पंखे काढा, पंखे काढा. 😄

खारदांडा
पंखे रेडिएटरच्या पुढे घ्या. पुष्कळ कॅबिनेटमध्ये पुढचं प्लास्टिक आणि आतला पत्रा यांच्यामध्ये २५-३० मिमी पोकळी असते. पंखे त्या पोकळीत, रेडिएटर पत्र्याच्या आत. आतले २५ परत मिळतात.

पेचकस
हा चांगला उपाय. पोकळी आधी मोजा. २५ पेक्षा कमी भरली तर पुढचं प्लास्टिक परत बसणार नाही. हवा आतच ढकलली जाईल अशी पंख्यांची तोंडं ठेवा. आणि स्क्रू आता पत्र्यातून जाणार, म्हणून लांबी तपासा. जास्त लांब स्क्रू सरळ रेडिएटरच्या नळ्यांत शिरतो आणि पाणी गळतं.

ऑर्डर करण्याआधी पुठ्ठ्याची नक्कल करा. कुरिअरच्या खोक्याचे २६७ बाय १३४ चे तुकडे कापा, ५१ मिमी जाडी होईपर्यंत चिकटवा आणि आत घालून बघा. पुठ्ठ्याला जे लागतं तेच कार्डाला लागणार. बोर्डाच्या कडेचे साटा प्लग उभे असतील तर लगेच दिसतं, पुढच्या यूएसबीची जाड केबल अडते तेही. बोर्डाच्या खालच्या कडेला पॉवर बटणाच्या बारीक वायरी असतात, त्या कार्ड लावायच्या आधीच बसवा, नंतर बोटं जात नाहीत.

जुना_पत्रा
जुन्या कॅबिनेटवाल्यांसाठी. हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येत असेल आणि रिव्हेट मारलेला असेल तर ड्रिलने डोकी उडवता येतात. पण बोर्ड आणि एसएमपीएस बाहेर काढल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. लोखंडाचा कीस बोर्डात अडकला तर शॉर्ट होतो. पिंजरा काढल्यावर तो पत्रा थोडा लवचिक होतो, ते मात्र चालवून घ्यावं लागतं.

मधुरा
लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्यांनी टेप खिशात ठेवा. डिस्प्लेला कॅबिनेट उघडं असतं, दुकानदार मोजू देतात.

साबुदाणावडा
आले. शिट्ट्या चार झाल्या, वरणाचं पिठलं झालं. काय ठरलं?

निळू_औंध
ड्युअल जवळजवळ ठरलं. पोकळी २८ मिमी भरली, पंखे पुढे घेणार.

खारदांडा
निळूताई, रेडिएटरच्या नळ्या वरून निघतात की खालून?

निळू_औंध
खालून. पंप आवाज करत होता म्हणून तसं लावलं. का?

खारदांडा
मग त्या कार्डाच्या टोकासमोरून वर सीपीयूकडे जात असतील. पंख्यापर्यंतचं माप घेतलंत, नळ्यांपर्यंतचं नाही.

पेचकस
हे खरं. पंखे पुढे घेतले तर आत साधारण ३४ मिमी होतात, त्यात नळ्या जातील असं वाटतं. पण रेडिएटरच्या टोकाला जिथे नळ्या वळतात तिथला फुगवटा वेगळा मोजा. तो झाकणाच्या खाली उतरत असेल तर प्रश्न नाही.

दादर_लोकल
वर लावा की रेडिएटर. झंझटच नको.

खारदांडा
वर रॅमला लागतो ना. उंच रॅम असेल तर पंखा बसत नाही. ताई, रॅम कुठली आहे?

निळू_औंध
आरजीबीवाली, उंच. थांबा, पुठ्ठा कापून झाला की नळ्यांसकट फोटो टाकते. फेविकॉल वाळतोय.