नोकरी चालू ठेवून गावात दुसरा व्यवसाय: कमी खर्च हेच भांडवल मानावं का?

उंबरठा:
नऊ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरून काम कायमचं झालं म्हणून दहा महिन्यांपूर्वी गावी, आईवडिलांच्या घरी परतलो. पगार तोच आहे, खर्च मात्र निम्म्याहून कमी झाला. दुरुस्तीच्या छोट्या वर्कशॉपसाठी कामाची नोंद ठेवणारा आणि बिल काढणारा एक प्रोग्राम संध्याकाळी बसून तयार केला. अकरा जण तो पैसे देऊन वापरतात. माझं मत सरळ आहे: गावातला कमी खर्च हाच माझा गुंतवणूकदार. आणखी सहा महिन्यांनी नोकरी सोडून यातच उतरावं असं वाटतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी का पटत नाही ते सांगावं.

दहा_वर्षं_झाली:
मला अर्धंच पटतं. पटतं ते आधी सांगतो, कारण त्यातलं गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पगार 100 धरा. शहरात खर्च 65, शिल्लक 35. म्हणजे एक महिना नोकरी केली की बिनपगारी जगायला सोळा दिवस मिळतात. गावात खर्च 30, शिल्लक 70. तोच एक महिना आता सत्तर दिवस देतो. खर्च निम्म्याहून थोडा जास्त उतरला, पण दिवस चौपटीहून जास्त वाढले, कारण शिल्लक वाढते आणि ती संपण्याचा वेगही मंदावतो. दीड वर्ष नोकरी केलीत तर शिल्लक 1260. महिना 30 खर्चाने ती साडेतीन वर्षं पुरते. हे मोठं बळ आहे, ते नाकारत नाही.

पण नोकरी सोडल्यावर खर्च 30 राहत नाही. कंपनीने काढलेला आरोग्य विमा जातो, तो स्वतः भरायचा, धरा 4. सर्व्हर आणि इतर वर्गण्या 3. ग्राहकांकडे जाणं-येणं 6. हा आकडा गावातून उलट वाढतो, कारण ग्राहक लांब लांब पसरलेले असतात. आणि फोन घ्यायला एक माणूस ठेवलात, तर त्याचे 22. बेरीज 65. शहरात होतात तिथेच परत आलात. 1260 आता एकोणीस महिने पुरतील. सर्व्हरवाला तुमचा पत्ता पाहून भाडं कमी करत नाही. स्वस्त झालं ते तुमचं जगणं, व्यवसाय आहे तेवढ्याच खर्चाचा.

रेवती:
मग नोकरी सोडायचीच कशाला? दोन्ही चालू ठेवा. माझी बहीण चार वर्षं तेच करते आहे. पगार येत राहतो, खर्च कमी आहे, घाई कसली? कामाच्या वेळेनंतर तुम्ही काय करता ते कंपनी बघत नाही.

दहा_वर्षं_झाली:
रेवतीताई, घाई करू नये हे बरोबर आहे. पण दोन्ही चालू ठेवताना पैशाआधी तास संपतात. माझंच सांगतो.

माझेही ग्राहक असेच छोटे होते, चोवीस. माझा खर्च कमी, म्हणून मी दरही कमी लावला. माझा पगार 100 धरला तर एका ग्राहकाकडून महिन्याला पाव. चोवीस जणांचे मिळून 6. काही महिने वहीत फोन लिहून ठेवले, तर एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी दोन तास जात होते, एकूण अठ्ठेचाळीस. नोकरी सांभाळून माझ्याकडे महिन्याला फार तर पंचाहत्तर तास होते. उरलेल्या सत्तावीस तासांत नवं काही बांधायचं आणि नवे ग्राहकही शोधायचे. त्या दराने नुसता घरखर्च निघायला एकशेवीस ग्राहक लागले असते, म्हणजे दोनशे चाळीस तास. ते होणारच नव्हतं, आणि हे मला दीड वर्षाने कळलं.

फोन कसले? एक कायमचा लक्षात राहिला. बिलावर रकमेचा शेवटचा आकडा छापला जात नाही, अशी तक्रार. तीन वेळा कोड तपासला, चूक कुठेच नव्हती. शेवटी फोटो मागवला. त्यांनी 80 मिलिमीटरचा प्रिंटर बदलून 58 मिलिमीटरचा आणला होता आणि उजवीकडची कडा कागदाबाहेर जात होती. तोवर माझे चार तास गेले होते. आणि फोन यायचे सकाळी अकराला, माझी मीटिंग चालू असताना. वर्कशॉप उघडी असण्याची वेळ आणि नोकरीची वेळ एकच असते. जोडव्यवसाय निवडताना हे मी आधी पाहायला हवं होतं: ग्राहकाला मदत लागते तेव्हा तुम्ही मोकळे असता का?

शेवटी नव्यांना तिप्पट दर लावला आणि जुन्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. नऊ जण गेले. उरलेल्या पंधरांकडून महिन्याला सव्वाअकरा येऊ लागले आणि फोनचे तास अठरावर आले, कारण गेलेले बहुतेक सगळे सर्वांत जास्त फोन करणारे होते. दर ठरवताना स्वतःचा घरखर्च डोळ्यांसमोर ठेवू नका. ग्राहकाचं काय वाचतं ते पाहा.

काळी_माती:
मूळ प्रश्न गावात माणसं नेमून छोटी कंपनी काढण्याचा आहे असं समजून लिहितो. चुकत असेन तर सांगा.

मी परतून दोन मुलांना शिकवलं. कोरी पाटी होती दोघांची. वर्षभर रोज संध्याकाळी शेजारी बसवून डेटाबेस, चाचण्या, ग्राहकाशी बोलणं, सगळं शिकवलं. पगार शहरापेक्षा पुष्कळ कमी होता, पण गावाच्या मानाने चांगला. चौदाव्या महिन्यात पहिला गेला, सोळाव्यात दुसरा. गाव सोडून नाही गेले, आपापल्या घरीच बसलेत, लांबच्या कंपनीचं काम करत. ज्या सोयीमुळे मला गावात शहराचा पगार मिळाला, तीच सोय त्यांनाही होती. तयार माणूस गावात स्वस्त मिळतो हे आता खरं राहिलेलं नाही. मला त्यांचा राग नाही, मीही तेच केलं असतं. पण माझं सगळं गणित त्या स्वस्त पगारावर उभं होतं आणि ते कोसळलं.

उंबरठा:
माणसं नेमायचा विचार अजून नाही, पण हे वाचून पुढेही दहादा विचार करेन. दराचं मात्र लागलं. मी अगदी हेच केलंय, माझं घर चालतंय ना मग थोडंच घेऊ, असं. पण एक शंका आहे. झोहोने तेनकासीसारख्या लहान गावात मोठं काम उभं केलंच ना?

दहा_वर्षं_झाली:
केलं, पण क्रम बघा. ती कंपनी 1996 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव अ‍ॅडव्हेंटनेट होतं. तेनकासीचं कार्यालय 2011 चं. गावात गेली तेव्हा जगभरचे ग्राहक हातात होते आणि पैसा येत होता. शिवाय माणसं स्वतः शिकवून घडवायची व्यवस्था त्यांनी 2005 पासूनच उभी केली होती. ग्राहक आधी आले, गाव नंतर. आपण उलट्या क्रमाने निघालोय. अशक्य नाही, पण तो दाखला आपल्याला लागू पडत नाही.

विद्या_म:
सगळे पैशांवर बोलताय. उंबरठा, तुमच्या नोकरीच्या करारात काय लिहिलंय? कंपनी बघत नाही असं वर म्हटलंय, पण कंपनीने पाहण्याची गरजच नसते. कितीतरी करारांत असं कलम असतं की नोकरीत असताना तुम्ही जे तयार कराल त्यावर मालकी कंपनीची. काही करारांत ते कंपनीच्या कामाशी संबंधित गोष्टींपुरतं असतं, काहींत सरसकट. वेळ संध्याकाळची होती की सकाळची, याने काही करारांत काडीचा फरक पडत नाही.

माझं प्रकरण सांगते. माझा छोटा प्रोग्राम एकाला विकत घ्यायचा होता. सगळं ठरलं. त्यांच्या वकिलाने कोडचा इतिहास मागितला आणि ही एक ओळ चालवली:

```
git log --reverse --format='%ae %ad' | head -3
```

पहिल्या तीन नोंदींवर माझ्या कंपनीचा ईमेल पत्ता आणि दुपारी तीनची वेळ. पहिल्या आठवड्यात मी कंपनीच्या लॅपटॉपवर काम केलं होतं आणि तिथे `user.email` कंपनीचा होता. नंतरची तीन वर्षं सगळं माझ्या यंत्रावर झालं, तरी व्यवहार पाच महिने अडकला. कंपनीने शेवटी लेखी दिलं की या उत्पादनावर आमचा हक्क नाही, कारण ते त्यांच्या क्षेत्राबाहेरचं होतं. क्षेत्र जवळचं असतं तर दिलं नसतं, असं मला आजही वाटतं.

रेवती:
पण तो इतिहास पुसता येतो ना? ईमेल बदलून परत लिहिता येतो.

विद्या_म:
येतो, आणि तेच करू नका. नोंद बदलल्याने करार बदलत नाही. उद्या वाद झाला तर तुम्ही पुरावा बदललात एवढंच सिद्ध होईल. वेगळा लॅपटॉप, वेगळं खातं, आणि उत्पादन काय आहे ते एका वाक्यात लिहून कंपनीची लेखी ना-हरकत. एवढं करा. ग्राहक अकरा असताना हे पत्र सहज मिळतं. एकशेदहा झाल्यावर तेच पत्र मागायला गेलात तर समोरचा आधी विचारतो, नक्की काय आहे हे?

दहा_वर्षं_झाली:
विद्याताई, पत्र मागायच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. पत्र मागितलं की साहेबाच्या मनात नोंद होते. पगारवाढीच्या वेळी, कपातीच्या वेळी ती नोंद बाहेर येते. मी मागितलं नव्हतं. करारातलं कलम माझ्या कामापुरतंच आहे याची वकिलाकडून खात्री करून घेतली आणि गप्प राहिलो.

विद्या_म:
तुमचं कलम मर्यादित होतं म्हणून ते चाललं. सरसकट असेल तर गप्प राहणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणं. इथे आपलं जमायचं नाही.

सुताराचा_नातू:
मीही लांबून नोकरी करतो, म्हणून दोन छोट्या गोष्टी. काही कंपन्या राहण्याच्या जागेनुसार पगार ठरवतात. गिटलॅब तर ते उघडपणे सांगते. तुमच्या कंपनीने उद्या पगार वीस टक्क्यांनी उतरवला तर शिल्लक 70 ची 50 होते आणि वरच्या हिशेबातले सत्तर दिवस पन्नासवर येतात. पत्ता बदलल्याचं कळवलंय का?

दुसरी गोष्ट इंटरनेटची. दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर घेऊन मी निश्चिंत होतो. रस्ता खणला आणि दोन्ही एकदम गेली, कारण दोन्ही वायरी रस्त्याखालच्या एकाच चरातून घरात येत होत्या. आता दुसरी सोय मोबाइल राउटरची आहे.

उंबरठा:
पत्ता कळवलाय, पगार तोच राहिला. करार काल रात्री काढून वाचला. ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम’ एवढंच लिहिलंय, कशाशी संबंधित ते नाही. आणि ती ओळ शेवटचं `| head -3` काढून चालवून पाहिली. पहिल्या एकोणीस नोंदींवर कंपनीचा पत्ता आहे.

नोकरी सोडायची तारीख पुढे ढकलतोय. नव्या ग्राहकाला तिप्पट दर सांगून पाहणार आहे, परवाच एक जण येतोय. जुन्या अकरा जणांचं काय करायचं ते कळत नाही, त्यातले दोघे वडिलांचे मित्र आहेत. पत्र मागायचं की वकिलाला विचारून थांबायचं, यावर दोघांचंही परत वाचतोय. विद्याताई, त्या पत्रात उत्पादनाचं वर्णन तुम्ही नेमकं कोणत्या शब्दांत केलं होतं, ते सांगता येईल का?

विद्या_म:
‘छोट्या दुकानांसाठी मालाच्या साठ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम, जो कंपनीच्या कोणत्याही उत्पादनाशी, ग्राहकाशी किंवा माहितीशी संबंधित नाही.’ त्याखाली कधी सुरू केला ती तारीख. आणि पहिल्या आठवड्यात कंपनीचा लॅपटॉप वापरला होता, हेही लिहिलं होतं. तुमच्या एकोणीस नोंदी आहेत, तुम्हीही ते लिहाच. त्यांना ते नंतर दुसऱ्याकडून कळता कामा नये.