मदत हवी आहे: राजस्थान दिवस तारखेने धरायचा की तिथीने?

जयपूरकर_काका
आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दरवर्षीचा बेत असा: पाडव्याला गुढी, मार्चअखेरीस राजस्थान दिवसाचा छोटा कार्यक्रम आणि 1 मेला महाराष्ट्र दिन. 2025 मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की राजस्थान दिवस 30 मार्चऐवजी चैत्र शुद्ध प्रतिपदेला साजरा करायचा. त्या वर्षी पाडवाही 30 मार्चलाच होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलंच नाही. 2026 मध्ये पाडवा 19 मार्चला आला आणि वादाला तोंड फुटलं. आता 2027 साठी सभागृह ठरवायचं आहे. अर्धे सभासद म्हणतात स्थापना दिवस म्हणजे तारीखच, अर्धे म्हणतात तिथी. शिवाय एकाने विचारलं, मग 1 मेचीही तिथी का पाळत नाहीत? उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगावं.

सुनंदा_ठाणे
गुढी सूर्योदयानंतर लवकर उभारावी. आमच्याकडे कडुलिंब आणि गूळ आधी, मग पूजा. वाद कसला त्यात?

जयपूरकर_काका
ताई, गुढीबद्दल वाद नाही. राज्याचा वाढदिवस कुठल्या दिवशी, हा प्रश्न आहे.

विनायक_पी
सोपं आहे. सरकारचंही राष्ट्रीय पंचांग आहे, शके लिहितात ते. त्यात चैत्र 1 म्हणजे पाडवा. राजस्थानने तेच घेतलं असणार.

जुना_कारकून
विनायकराव, शके बरोबर, पुढचं नाही. 1957 पासूनच्या त्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत चैत्र 1 हा 22 मार्चला येतो, लीप वर्षात 21 ला. ती सूर्यावर चालते, चंद्राशी तिचा संबंध नाही. पाडवा चंद्राचा.

आता 1 मे. मुंबई राज्याचं विभाजन संसदेच्या 1960 च्या कायद्याने झालं. त्यात ‘नियत दिवस’ म्हणजे 1 मे 1960, असं सुरुवातीलाच लिहिलंय. त्या दिवसापासून गुजरात वेगळं आणि उरलेलं राज्य महाराष्ट्र. कुठला खर्च कुणाच्या खात्यात, कुठला खटला कुठल्या उच्च न्यायालयात, हे सगळं त्या दिवसावर लटकलेलं. हे काम तिथीवर सोपवता येत नाही, कारण तिथी मध्यरात्री सुरू होत नाही. ती दुपारी लागेल, पहाटे संपेल. 2026 चा पाडवाच बघा: प्रतिपदा 19 मार्चला सकाळी सातच्या सुमारास, सूर्योदयानंतर लागली आणि 20 ला पहाटे संपली. एकाही सूर्योदयाला ती नव्हती. सणाला शास्त्रात त्यावर नियम आहे, हिशेबाच्या वहीला नाही.

मुग्धा_फोंडा
आम्हाला दोन दिवस आहेत: 19 डिसेंबर मुक्तीचा, 30 मे घटकराज्याचा. दोन्ही तारखेने. 30 मे 1987 ची तिथी विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही :)

विनायक_पी
ठीक, राष्ट्रीय पंचांग सोडलं. पण 1949 चा सोहळा पाडव्यालाच होता ना? मग तिथीवाल्यांचं म्हणणं खोटं कसं?

जुना_कारकून
खोटं नाहीच. 30 मार्च 1949 ला जयपूरमध्ये सरदार पटेलांच्या हस्ते बृहद्‌राजस्थानचं उद्घाटन झालं, त्या दिवशी खरोखर वर्षप्रतिपदा होती. आणि 2025 ला दोन्ही एकत्र आले यात चमत्कार नाही. साधारण 19 वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जवळजवळ जुळतात. 1949 पासून 2025 म्हणजे 76 वर्षं, चार फेरे. 1987 आणि 2006 चा पाडवाही 30 मार्चलाच होता. मधल्या वर्षांत चांद्रवर्ष अकराएक दिवसांनी मागे सरकतं, म्हणून 2026 ला 19 मार्च. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला, म्हणून 2027 चा पाडवा एकदम 7 एप्रिलला. काका, म्हणजे तुमचा राजस्थान दिवस मार्चमध्ये नसेलच.

जयपूरकर_काका
7 एप्रिल! वार्षिक हिशेब मार्चअखेर बंद होतो आमचा. त्या कार्यक्रमाचा खर्च पुढच्या वर्षात टाकावा लागणार.

अरवली
माझा वेगळाच मुद्दा. 30 मार्च तरी एकमेव दिवस कुठे आहे? अलवर, भरतपूर वगैरे संस्थानांचा मत्स्य संघ 18 मार्च 1948 चा. अजमेर आणि अबू मिळून आजचा आकार झाला तो 1 नोव्हेंबर 1956 ला, ज्या दिवशी केरळ आणि नवं म्हैसूर राज्यही आलं. केरळवाले आणि कर्नाटकवाले 1 नोव्हेंबर पाळतात, राजस्थानने 30 मार्च निवडला. तोही निवडलेलाच. मग तिथी निवडली तर बिघडलं कुठे?

जुना_कारकून
निवडला हे मान्य. पण जो निवडला तो कागदावरचा दिवस होता. साजरा करण्याचा दिवस सरकार हलवू शकतं, विलीनीकरणाची तारीख हलत नाही. जुने दस्त काढलेत तर 30 मार्चच सापडेल.

अरवली
दस्त कोण वाचतं? लोकांना पाडवा लक्षात राहतो.

मुग्धा_फोंडा
शिवजयंतीचा धागा होणार आता हा. 19 फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया, तिथेही हेच चाललंय.

जयपूरकर_काका
तो नको इथे, कृपया. मी 7 एप्रिलचं सभागृह विचारून ठेवतो, गुढी आणि राजस्थान एकत्र. 30 मार्चवाल्यांचं काय करायचं ते कार्यकारिणी बघेल. 1 मेबद्दल मात्र आता सांगता येईल.