स्वतःच्या अक्षराचा फॉन्ट: अनुभव सांगा

माहेर_अमळनेर
परवा माळा आवरताना १९९४ ची वही सापडली. आजीच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या मी काळ्या शाईने उतरवून घेतल्या होत्या. आता मनगट दुखतं, तसं अक्षर येत नाही. म्हटलं, त्याच वहीतून माझ्या अक्षराचा फॉन्ट करू नि सगळ्या ओव्या त्यात छापू. ६०० डीपीआयने पानं स्कॅन केली, एकेक अक्षर कापून फॉन्टफोर्जमध्ये घातलं, ऑटोट्रेस केलं. वहीच्या निळ्या ओळीही अक्षराला चिकटून आल्या! त्या खोडल्यावर क, म, न सुटे झकास दिसतात, पण 'नमन' टाइप केलं की शिरोरेषा पायर्‍या-पायर्‍यांची, मध्ये फटी. तिघांनी मिळून लिहिल्यासारखं. कोणी केलंय का असलं काही?

भरीत_पार्टी
मन्हं अक्षर मालेच वाचता येत नही, फॉन्ट कोन वाची 😂

धुळेकर डीटीपी
ताई, स्कॅन रंगीत करून फक्त लाल चॅनल ठेवा, निळ्या ओळी उडतात. आणि युनिकोडच्या भानगडीत पडू नका. आम्ही पत्रिका छापायचो तेव्हा इंग्रजी कीवरच क, ख, मात्रा बसवलेल्या असायच्या. एका दिवसात फॉन्ट तयार.

खटपट्या
भाऊ, उलटं झालं. लाल चॅनलमध्ये निळं गडद दिसतं. निळा चॅनल घ्या, त्यात निळी ओळ कागदाइतकीच फिकी होते आणि काळी शाई काळीच राहते. इंग्रजी कीवाला फॉन्ट तुमच्या मशीनवर ठीक, पण ताईंनी ओवी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर समोरच्याला ABCD दिसेल.

धुळेकर डीटीपी
मग सातशे जोडाक्षरं काढत बसा.

खटपट्या
सातशे कशाला? अर्धी अक्षरं एकदा केली की बरीचशी त्यातून जुळतात. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध अशी मोजकी वेगळी काढावी लागतात.

फटींचं सांगतो. हाताने ओढलेली शिरोरेषा दर अक्षराला थोडी वर-खाली, थोडी तिरकी असते. मी माझ्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ खोडली आणि एकच रेघ सगळीकडे त्याच उंचीवर डकवली. अक्षराची रुंदी ५०० असेल तर रेघ उणे १० पासून ५१० पर्यंत, म्हणजे शेजारच्या अक्षरात घुसेल अशी. काठाला काठ लावून ठेवली तर छापताना दिसत नाही, पण मोबाइलवर बारीक अक्षरात केसाएवढी फट चमकते. रेघेचा खालचा काठ किंचित थरथरता ठेवा, नाहीतर फूटपट्टीने ओढल्यासारखी वाटते.

एक मात्र बघा. भ, ध, थ यांना पूर्ण रेघ देऊ नका. मी घाईत सगळ्यांना सरसकट दिली आणि 'भात'चा 'मात' झाला.

नंदुरबारची सून
आनंदीबाईंनी ध चा मा केला, तुम्ही भ चा म 😄

भरीत_पार्टी
भात कशाले, कळण्याची भाकरी आन भरीत म्हना. या शनिवारी शेतात कोण येतंय? वांगी माझ्याकडे.

सावदा२२
एवढा खटाटोप कशाला, वहीचा फोटो काढा, फोन आपोआप टाइप करून देतो.

माहेर_अमळनेर
@सावदा२२ दादा, टाइप झालेलंच आहे माझ्याकडे. मला ते *माझ्या* अक्षरात हवंय.

खटपट्याभाऊ, रेघ जमली! निळा चॅनलही बरोबर. 'नमन' आता एका हातचं दिसतं. भ वाचवला. पण नवंच निघालं. अख्ख्या वहीत मला ळ सापडेना! दोनदा पानं चाळली, मग डोक्यात उजेड पडला. ओव्या अहिराणी. आजी डोळ्याला 'डोया' म्हणायची, मीही तसंच लिहिलंय. ण सुद्धा दोनच. आता मराठी प्रस्तावना कशी छापू?

धुळेकर डीटीपी
ल उचलून ळ बनवा.

खटपट्या
ल मध्ये ळ च्या गाठी नाहीत भाऊ, दिसेल लगेच. आजच्या हाताने पन्नासदा लिहून त्यातला एक निवडा. मी ञ तसाच केला, पण अजून उपराच वाटतो.

नंदुरबारची सून
ताई, लग्नाआधी पत्रं लिहिली असतील ना माहेरी? प्रत्येक पत्राखाली 'कळावे' असतंच 🙂

माहेर_अमळनेर
अगं!! होस्टेलची पत्रं आईने तारेला ओवून ठेवलीत. फोन केलाय, भाऊ स्कॅन करतोय.

माहेर_अमळनेर
आली. अठरा पत्रं, अठरा 'कळावे', शिवाय एका पत्रात 'केळी संपली' तीनदा. पण सगळी निळ्या अंतर्देशीयवर, निळ्या बॉलपेनने. निळा चॅनल लावला तर अक्षर पुसट, शेवटी नुसती भुरकट रेघ.

खटपट्या
कागद फिकट निळा, शाई गडद निळी. इथे मात्र लाल चॅनल.

धुळेकर डीटीपी
मी पहिल्यांदाच काय सांगितलं होतं 😎