मदत हवी आहे: लालबागच्या खलनायकाला नाव सुचवा, पण उसनं नको

अर्धविराम
मंडळी, एक गुन्हेकथा लिहितोय. पावणेदोनशे पानं झाली आणि खलनायक अजून 'क्ष' आहे. जन्म १९७४, लालबागची चाळ, मूळ कोकणातला, वडील गिरणीत. आता २०२३ मध्ये हा माणूस चाळींच्या पुनर्विकासात खोटे भाडेकरू घुसवतो. बंदूक नाही, फाइल घेऊन फिरतो. आधी 'रुद्र महाजन' ठेवलं होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, हा सिरियलमधून आलाय. मग वर्तमानपत्रातली जुनी नावं चाळली, तर प्रत्येक नावामागे खरा माणूस उभा. नाव खरं वाटावं, पण कुणाचं उचललेलं नसावं. कसं करता तुम्ही?

कटिंग_चाय
सोप्पं आहे. पुढे 'छोटा' लावा, मागे 'भाई' लावा. छोटा राजन बघा, बुटका होता म्हणून छोटा. तुमचा उंच असेल तर 'लंबू'.

जुना_जिना
कटिंगराव, अर्धंच बरोबर आहे. टोपणनाव गल्ली देते हे खरं, पण राजेंद्र निकाळजेला 'छोटा' म्हणत ते उंचीवरून नाही. त्याचा म्होरक्या राजन नायर, म्हणजे बडा राजन, आधीपासून होता. एका नावाचे दोन झाले की लोकांना खूण लागते, तिथून हे शब्द येतात. म्हणजे 'छोटा' लिहिलंत की वाचक विचारणार, मग मोठा कुठाय?

अर्धविराम, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. चौऱ्याहत्तरच्या चाळीत 'रुद्र' अशी हाक मी तरी ऐकली नाही. तो आत्ता शाळेत असेल. तेव्हाची पोरं सुनील, दिलीप, संजय, महेश, सुहास. आणि आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे तुम्हाला दोन पिढ्यांची नावं जुळवायची आहेत. बाप गावी जन्मलेला, १९४५च्या आसपास: पांडुरंग, सखाराम, बाळकृष्ण. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जाईल तेव्हा पूर्ण नाव येणारच, आणि बापाचं नाव 'विवेक' निघालं तर सगळं कोसळलं.

ओवी
मला बाळासाठी 'र' वरून नाव हवंय, रुद्र इतकं वाईट आहे का? 😟

जुना_जिना
ताई, बाळासाठी छान आहे! इथे चर्चा पन्नाशीच्या गुंडाची चालू आहे.

साळुंकी
आडनावाबद्दल बोलते, कारण मार तिथेच बसतो. कोकणातला म्हटल्यावर तुमच्या डोक्यात परब, राणे, गुरव, घाडी येणार. यातली काही आडनावं उच्चारली की वाचक जात लावून मोकळा होतो. गुरव म्हटलं की देवळाची सेवा डोळ्यांपुढे आलीच. मग खलनायक एकट्याचा न राहता एका समाजाचा होतो. तुमच्या कथेला ते हवं असेल तर ठेवा, पण नकळत नको.

'कर' लावलेलं आडनाव बघा. एकाच गावच्या वेगवेगळ्या जातींचे लोक मुंबईत येऊन तेच 'कर' लावतात, म्हणून गाव कळतं पण जात सहसा कळत नाही. मी गाव खोटं रचते आणि आडनाव त्यातून काढते. मात्र ते नियमाने निघायला हवं. आचरा, आचरेकर. वेंगुर्ला, वेंगुर्लेकर. लांजा, लांजेकर. शेवटचा 'आ' जाऊन 'ए' येतो. तुम्ही 'आचराकर' छापलंत ना, तर कोकणातला माणूस पहिल्याच पानावर ओळखेल की हे टेबलावर बसून बनवलंय.

निळी_शाई
माझं दुःख ऐका. एका मालिकेतल्या खुन्याचं नाव, आडनाव आणि धंदा तिन्ही माझेच. लेखकाला मी माहीतही नसेन. वर्षभर ऑफिसात लिफ्टमध्ये शिरलो की लोक हात वर करायचे. पाटी होती, 'सर्व पात्रे काल्पनिक'. काय उपयोग?

साळुंकी
निळी शाई, 😄 पण मुद्दा नेमका आहे. नुसतं नाव जुळलं तर फारसं बिघडत नाही, एका नावाची शंभर माणसं असतात. नाव, वस्ती आणि धंदा हे तीन एकत्र जुळले की वाचक बोट दाखवतो, आणि मग ती पाटी असून पुरत नाही. अर्धविराम, तुमचा माणूस पुनर्विकासातला आहे, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तकांच्या नावांत शोधा. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. देवनागरीत आणि रोमनमध्येही टाका, रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगं करून. मी एकदा फक्त मराठीत शोधून निर्धास्त झाले होते, नंतर इंग्रजी बातमीत तोच माणूस सापडला. छापायला जाण्याआधी आठ दिवस नाव बदललं.

अर्धविराम
करून बघतो. गाव 'भिरवा', म्हणून भिरवेकर. सुहास पांडुरंग भिरवेकर. 'सुहास' मुद्दाम, हसरा खलनायक आवडेल मला. हाकही ठरवली: आई 'सुहास', बरोबरीचे 'सुह्या', साइटवरची पोरं 'सुहासभाऊ'. तो वर चढतो तसे 'सुह्या' म्हणणारे कमी होत जातात. शेवटी एकच उरतो, तोच त्याला पकडून देतो. ऊर्फ मात्र सुचत नाही.

जुना_जिना
हे हाकांचं छान जमलंय. ऊर्फसाठी बापाच्या कामाकडे जा. गिरणीत कायम होता की बदली? बदली कामगार रोज पाळीच्या वेळी फाटकावर उभा राहायचा, कुणी गैरहजर असला तरच आत. आमचे मामा असे कितीतरी दिवस डबा न उघडता परत यायचे, आणि मामी तोच डबा संध्याकाळी गरम करून वाढायची. कुणी काही बोलायचं नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा तुमचा सुहास सात-आठ वर्षांचा. चाळीत दोन सुहास असतील तर याला 'बदलीचा सुहास' म्हणणार, मग नुसताच 'बदली'. मोठेपणी हा खऱ्या भाडेकरूच्या जागी खोटा उभा करतो. नाव गल्लीने दिलं, अर्थ त्याने भरला.

अर्धविराम
अंगावर काटा आला. 'सुहास पांडुरंग भिरवेकर ऊर्फ बदली.' हवालदाराच्या आवाजात तीनदा मोठ्याने वाचलं, कुठे अडत नाही.

कटिंग_चाय
बदली म्हणजे ट्रान्सफर वाटेल हो लोकांना. सरकारी कारकून वाटतो.

जुना_जिना
आजच्या पोरांना वाटेल, हे मान्य. पहिल्या पन्नास पानांत फाटकाचा प्रसंग आला तर चालेल. समजावून सांगू नका, बापाला फक्त परत येताना दाखवा.

साळुंकी
मला खटकतंय ते भिरवेकर. कणकवली तालुक्यात भिरवंडे आहे. तिकडच्या वाचकाला वाटेल 'भिरवंडेकर' छापताना अक्षर गळलं. खोटं नाव खऱ्याच्या इतकं जवळ गेलं की ते लपवल्यासारखं दिसतं, आणि मग लोक खरंच शोधायला लागतात.

अर्धविराम
अरे देवा. 'कोंडसा' करून कोंडसेकर?

निळी_शाई
काहीही करा, माझं आडनाव 'को'पासून सुरू होतं एवढंच सांगतो.

अर्धविराम
🙏 उद्या महारेरावर दोन्ही टाकून बघतो आणि इथेच लिहितो. तोवर 'बदली' पक्का, आडनाव पुन्हा 'क्ष'.