व्हीपीएन काढून झिरो ट्रस्ट आणायचं म्हणतायत. भिंत खरंच पाडावी का?

मुक्ता_नेट
२४० जण घरून काम करतात. सगळे व्हीपीएनने जोडले जातात आणि क्लाउडमधल्या 10.20.0.0/16 या नेटवर्कात शिरतात. तिथे ३५ अंतर्गत वेब ॲप्स, दोन डेटाबेस आणि एक कुबरनेटीस क्लस्टर आहे. वरून हुकूम आलाय : सहा महिन्यांत व्हीपीएन बंद, झिरो ट्रस्ट चालू. व्हीपीएनवर एमएफए आधीपासून आहे. मग नेमकं काय वाढतं? की जुनाच माल, नवी पाटी?

कोटरक्षक
नवी पाटी. आज तुमचं एकच दार आहे आणि त्यावर पहारा आहे. उद्या ३५ दारं इंटरनेटकडे तोंड करून उभी राहतील. व्हीपीएनवरच गटवार नियम लावा : हिशेब विभागाला हिशेबाचा सर्व्हर, डेव्हलपरांना क्लस्टर, बाकी सगळं बंद. हे वीस वर्षांपासून करता येतं. लोक आळसाने करत नाहीत आणि मग खापर व्हीपीएनवर फोडतात.

तर्कट
गटवार नियमांचं म्हणणं पटतं, पण तो नियम शेवटी आयपी पत्त्यावर बसतो. एमएफए होते सकाळी एकदा, दारावर. त्यानंतर व्हीपीएनचा बोगदा दिवसभर उघडा असतो आणि आतल्या फायरवॉलला माणूस दिसत नाही, व्हीपीएनच्या पूलमधला एक पत्ता दिसतो.

हिशेब विभागातल्या एखाद्या लॅपटॉपवर मालवेअर बसलं असं धरा. त्याला पासवर्ड चोरायची गरजच नाही, बोगदा आयता मिळालाय. ते आतून 22, 445, 5432, 6443 ही पोर्ट्स चाचपत सुटतं. जिथे उत्तर येतं तिथे एखादी जुनी, पॅच न केलेली सेवा सापडतेच. नंतर लॉग उघडलात तर डेटाबेसच्या नोंदीत फक्त 10.20.250.31 असं काहीतरी दिसेल. तो पत्ता त्या मिनिटाला कोणाकडे होता हे व्हीपीएनच्या लॉगशी वेळ जुळवून शोधत बसायचं.

झिरो ट्रस्टमध्ये ओळख तपासणारा प्रॉक्सी मध्ये असतो, त्यामुळे लॅपटॉपला त्या नेटवर्काचा रस्ताच नसतो. पोर्ट चाचपायचं कुठे? प्रत्येक विनंतीला माणूस कोण, यंत्र कोणतं, ॲप कोणतं हे पाहिलं जातं आणि नोंदही माणसाच्या नावाने होते. मालवेअर त्या माणसाच्या उघड्या सेशनमधून त्याच्या चार ॲप्सपर्यंत पोचेल, हे खरं. उरलेल्या ३१ पर्यंत नाही.

शिवाय दारावरचा पहारेकरी हेसुद्धा एक सॉफ्टवेअरच. जानेवारी २०२४ मध्ये इव्हांटीच्या व्हीपीएन उपकरणांतल्या दोन त्रुटी (CVE-2023-46805 आणि CVE-2024-21887) एकत्र वापरून लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. तिथे तुमच्या एमएफएला कोणी विचारलंच नाही. शेवटी अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था असलेल्या सिसाने सरकारी खात्यांना ती उपकरणं नेटवर्कातून काढायला सांगितली.

कोटरक्षक
मग प्रॉक्सी काय आकाशातून पडला? तोही इंटरनेटवरच उभा. आणि सगळी भिस्त लॉगिन सेवेवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉगिन सेवा देणाऱ्या ओक्टाच्या सपोर्ट यंत्रणेतून ग्राहकांनी दिलेल्या फायली चोरीला गेल्या आणि त्यांत चालू सेशनचे टोकन होते. टोकन हातात आलं की पासवर्डही नको, एमएफएही नको. भिंत पाडून सगळे दागिने एका डब्यात ठेवल्यासारखं झालं.

तर्कट
टोकनचोरी ही या पद्धतीची खरी दुखरी जागा आहे, त्यावर वाद नाही. खोट्या लॉगिन पानावरून पासवर्ड, ओटीपी आणि नंतर मिळणारं टोकन असं तिन्ही एका दमात उचलता येतं. पासकी किंवा हार्डवेअर की वापरली तर हा डाव फसतो, कारण सही खऱ्या डोमेनशी बांधलेली असते आणि खोट्या डोमेनवर ती होतच नाही. पण लॅपटॉपवरच्या मालवेअरने ब्राउझरमधून टोकन उचललं तर पासकी काही करू शकत नाही. तिथे टोकन यंत्राशी बांधलेलं असावं लागतं, आणि ते सगळीकडे जमत नाही.

प्रसाद_ऑफिस
मला हे पटतच नाही. 'झिरो ट्रस्ट' म्हणजे कर्मचाऱ्यांवर शून्य विश्वास. दर पाच मिनिटांनी स्क्रीनशॉट, किती वेळ टायपिंग केलं याचा हिशेब. घरून काम करणाऱ्यांची ही पाळतच ना?

सई
नाही, ते वेगळंच सॉफ्टवेअर. इथे विश्वास काढून घ्यायचा तो 'आतल्या नेटवर्कातून आलंय म्हणजे आपलंच' या गृहितकावरचा. यंत्राच्या तपासणीला पुरतं ते एवढंच : डिस्क एनक्रिप्ट आहे का, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती कोणती, स्क्रीन लॉक होतो का. मात्र काही एजंट ब्राउझरची सगळी वाहतूकही उघडून वाचतात. तुमच्याकडचा वाचतो का, हा प्रश्न लेखी विचारा. शंका अगदीच फोल नाही.

मुक्ता, प्रॉक्सी लावल्यावर जिथे फजिती होते ती जागा सांगते. प्रॉक्सी माणसाला ओळखतो आणि त्याचं नाव एका हेडरमध्ये घालून ॲपकडे पाठवतो. ॲप त्या हेडरवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. आता क्लस्टरमधल्या कुठल्याही दुसऱ्या यंत्रावरून हे करून बघा :

```
curl -H "X-Forwarded-User: cfo@example.com" \
  http://10.20.4.17:8080/reports
```

अहवाल समोर आला तर प्रॉक्सी नुसती शोभेची वस्तू आहे. जुनी भिंतच उरली, फक्त आता तिच्यावर कोणाचं लक्ष नाही. उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. ॲपच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त प्रॉक्सीच्या ग्रुपकडून येणारी वाहतूक ठेवा. आणि ॲपने साध्या हेडरऐवजी प्रॉक्सीने सही केलेलं टोकन तपासावं : सही, मुदत (`exp`) आणि ते याच ॲपसाठी आहे का (`aud`). तिसरी तपासणी बऱ्याच ठिकाणी राहून जाते. मग सुट्ट्यांच्या ॲपसाठी मिळालेलं टोकन पगाराच्या ॲपलाही चालतं.

विनय_सिस्टिम
वेब ॲप्सचं ठीक आहे हो. आमच्याकडे बिलिंगचं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, थेट 1433 पोर्टवर डेटाबेसशी बोलतं. त्यात ना ब्राउझर, ना हेडर. त्याचं काय करायचं?

सई
ते वेब प्रॉक्सीमागे जाणार नाही. एजंटवाला प्रकार घ्या, जो एका माणसासाठी एकाच पत्त्याचं एकच पोर्ट उघडतो. नाहीतर ते सॉफ्टवेअर क्लाउडमधल्या एका यंत्रावर बसवून रिमोट डेस्कटॉपने वापरा. आणखी एक बघून ठेवा : सर्व्हरकडून लॅपटॉपकडे सुरू होणारी जोडणी, म्हणजे दूरून मदत करणारी टूल्स किंवा पॅच ढकलणारी जुनी यंत्रणा. व्हीपीएन बंद केल्यावर ती मुकाट बंद पडते आणि महिन्याने कळतं की लॅपटॉप अपडेटच झालेले नाहीत.

तर्कट
आतापर्यंत सगळं माणसांबद्दल झालं. क्लाउडमध्ये निम्म्याहून मोठा प्रश्न यंत्रायंत्रांतल्या बोलण्याचा आहे, आणि क्लस्टरमध्ये चालणाऱ्या पॉडला कोणी एमएफए विचारत नाही.

२०१९ ची कॅपिटल वन या अमेरिकन बँकेची घटना घ्या. चुकीच्या मांडणीच्या वेब फायरवॉलला फसवून तिच्याकडूनच 169.254.169.254 या मेटाडेटा पत्त्यावर विनंती करवली गेली. तिथून त्या यंत्राच्या रोलच्या तात्पुरत्या चाव्या मिळाल्या, आणि त्या रोलला एस३ वाचायची मुभा गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. भिंत फोडली नाही, भिंतीलाच आतला निरोप्या केलं. व्हीपीएन असता काय आणि नसता काय!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसने मेटाडेटाची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी PUT विनंतीने टोकन घ्यावं लागतं, त्यामुळे असला साधा डाव बहुतेक वेळा फसतो. चालू यंत्रावर ती सक्तीची अशी करतात :

```
aws ec2 modify-instance-metadata-options \
  --instance-id <instance-id> \
  --http-tokens required \
  --http-put-response-hop-limit 1
```

हे आंधळेपणाने चालवू नका. आधी क्लाउडवॉचमध्ये `MetadataNoToken` बघा, त्यात जुन्या पद्धतीच्या विनंत्या मोजल्या जातात. तो आकडा शून्यावर स्थिरावला की मगच सक्ती. हॉप लिमिट १ ठेवल्यावर स्वतंत्र नेटवर्क असलेल्या पॉडपर्यंत उत्तर पोचत नाही, आणि जे पॉड गुपचूप नोडचा रोल वापरत होते ते कोसळतात. लोक घाबरून लिमिट २ करतात. तसं करण्यापेक्षा त्या पॉडला स्वतःचा, नेमक्या एका बकेटपुरता रोल द्या.

मग पॉडमधली वाहतूक. कुबरनेटीसमध्ये मुळात सगळे पॉड सगळ्यांशी बोलू शकतात. 'सगळं बंद' असा नेटवर्क पॉलिसीचा नियम टाकलात की पहिला बळी डीएनएस. ॲप नाव सापडत नाही म्हणून रडतं आणि लोक डेटाबेस तपासत बसतात. पोर्ट 53 बाहेर जायला आधी मोकळं ठेवा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. याच्या उलट घोटाळा जास्त वाईट : तुमचं नेटवर्क प्लगिन पॉलिसी पाळतच नसेल, तर क्लस्टर नियम आनंदाने स्वीकारतो आणि काहीच अडवत नाही. एका पॉडमधून बंद असायला हव्या त्या सेवेकडे `curl` करा. उत्तर आलं तर समजा पॉलिसी कागदावरच आहे.

कोटरक्षक
सिक्युरिटी ग्रुप, नेटवर्क पॉलिसी... या भिंतीच झाल्या की! एका मोठ्या कोटाऐवजी शंभर छोटे कोट. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

तर्कट
छोट्या भिंती हव्यातच. अमेरिकेची मानक संस्था निस्टच्या झिरो ट्रस्टवरच्या २०२० च्या SP 800-207 मध्येही बारीक विभागणी हा एक मार्ग दिलेला आहे. फक्त भिंतीच्या आत असणं हा ओळखीचा पुरावा धरायचा नाही. तुम्ही तो धरता, तिथे आपलं जमत नाही.

मुक्ता_नेट
म्हणजे व्हीपीएनच्या ३० दिवसांच्या लॉगवरून कोण कोणतं ॲप वापरतं हे काढते, आधी साधी वेब ॲप्स हलवते. सेशन किती तासांचं ठेवू?

सई
३० दिवस कमी. तिमाहीअखेरीला उघडली जाणारी ॲप्स त्यात दिसणार नाहीत, निदान एक तिमाही घ्या. पगार आणि प्रशासनाच्या ॲप्सना एक तास, बाकीच्यांना दिवसभर.

कोटरक्षक
एक तास? दर तासाला मंजुरी मागितलीत की लोक न वाचता 'हो' दाबायला शिकतात. आठ तास ठेवा. आणि लॉगिन सेवा झोपली त्या दिवशी आत कसं जाणार, ते आधी ठरवा.

सई
पासकीला तासातून एकदा बोट लावणं जड नाही, 'हो' दाबायची सवय फोनवरच्या सूचनेमुळे लागते. लॉगिन सेवेबद्दल मात्र बरोबर. तिच्यावर न विसंबणारी दोन आणीबाणीची खाती ठेवा, चाव्या कुलपात, वापरली की लगेच इशारा. आणि तिमाहीतून एकदा ती वापरून बघा.

विनय_सिस्टिम
माझ्या 1433 चे आठच वापरकर्ते आहेत. एजंटचा परवाना आठ जणांसाठी घ्यायचा, की त्यांच्यापुरता जुना व्हीपीएन तेवढ्या एका पोर्टवर आवळून ठेवायचा?

कोटरक्षक
आवळून ठेवा.

तर्कट
मीही ठेवला असता, पण त्याचे पॅच कोण लावणार हे आजच नावानिशी ठरलं तर. आठ जणांचा व्हीपीएन कोणाच्याच लक्षात राहत नाही. २०२१ मध्ये कोलोनियल पाइपलाइन या अमेरिकन इंधनवाहिनी कंपनीत चोर शिरले ते असल्याच एका पडून राहिलेल्या व्हीपीएन खात्यातून, आणि त्यावर एमएफएही नव्हती.