नोटीस काढूनही एजीएमला माणसं का येत नाहीत?

सचिव_ठाणे: ८४ फ्लॅटची सोसायटी. दरवर्षी रीतसर नोटीस काढतो, बोर्डावर लावतो, ग्रुपवर टाकतो. येतात पंचवीस जण आणि तेही भांडायला. लोकांना फुकटचं सगळं हवं, दोन तास द्यायला नकोत. आता गैरहजर राहणाऱ्याला ५०० रुपये दंडच लावावा म्हणतो. नोटिशीत तसं छापू का?

नोटीसवाली: दंड छापू नका, वसूल होणार नाही आणि तक्रार मात्र होईल. दोष लोकांचा आहे हे आधी कोणी ठरवलं? बहुतेक सोसायट्यांच्या नोटिशीत लिहिलेलं असतं, "इमारतीच्या रंगकामाबाबत विचार करणे." यावरून सभासदाला काय कळणार? खर्च किती, माझ्या वाट्याला किती, आज ठरणार की नुसती चर्चा, यातलं काहीच नाही. मग तो घरी बसतो आणि बिलात आकडा दिसला की ऑफिसात येऊन ओरडतो.

विषयाऐवजी ठरावाचा मसुदाच छापा. तुमच्याच ८४ फ्लॅटचा हिशोब धरू. रंगकाम आणि बाहेरचं प्लास्टर मिळून २३,५२,००० रुपये, दुरुस्ती निधीतून ८,४०,०००, उरले १५,१२,०००. एकूण कार्पेट ५०,४०० चौरस फूट असेल तर फुटाला ३० रुपये. म्हणजे ४५० फुटांच्या घराला १३,५००, ८५० फुटांच्याला २५,५००, तीन हप्त्यांत. हे नोटिशीत गेलं आणि सोबत तिन्ही कोटेशनचा एक पानी तक्ता जोडला, की बघा माणूस येतो की नाही. भांडणही सभेआधी जिन्यात होऊन जातं, ते वेगळंच.

दुसरं, तारीख. नोटीस सभेच्या चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि हे चौदा दिवस मोजायचे ते नोटीस देण्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. सभा रविवारी असेल तर दोन आठवडे आधीच्या रविवारच्या आदल्या शनिवारी शेवटची नोटीस हातात पडलेली हवी. त्या रविवारी वाटली की एक दिवस कमी पडला, आणि विरोधात गेलेला सभासद नेमका तोच दिवस मोजतो. नुसत्या ग्रुपवर टाकून भागवू नका. हातपोच देऊन सही घ्या, बाहेर राहणाऱ्यांना नोंदलेल्या पत्त्यावर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

हिशोबी_काका: बाई, मोठ्या आकड्याच्या ठरावाचा मसुदा छापला की सभासद आधीच गट करून येतात. आणि फुटावर वाटणी कशाला? सगळ्यांना समान लावा. रंग काय मोठ्या घराला जास्त लागतो?

नोटीसवाली: काका, महिन्याचा सेवाखर्च समान, हे तुमचं बरोबर. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी मात्र आदर्श उपविधीप्रमाणे क्षेत्रफळावर जाते. समान लावून ठराव केलात तर लहान घरवाले तो घेऊन उपनिबंधकांकडे जातील. गट करून येतात म्हणता, पण येतात ना? सचिवांची तक्रार न येण्याचीच आहे.

तिसरा_मजला: माझ्या बाथरूमच्या वरच्या गळतीचा विषय दोन वर्षं पत्र देऊनही अजेंड्यावर येत नाही. ऐनवेळच्या विषयात घेऊ म्हणतात आणि ऐनवेळ येईपर्यंत वडे संपून लोक गेलेले असतात. आधी ऐनवेळचे विषय सुरुवातीला घ्या, मग रंगकाम बघू.

नोटीसवाली: ऐनवेळचे विषय सुरुवातीला घेतले तर सभा पार्किंग, कुत्रे आणि तुमची गळती यातच संपेल. ज्याला पूर्वसूचना लागते किंवा ज्यात पैसे जातात, त्याचा ठराव तिथे होतच नाही, फार तर चर्चा. तुमचा विषय सभेचा नाहीच, कमिटीच्या मासिक बैठकीचा आहे. तिथे लेखी द्या आणि पोच घ्या.

तिसरा_मजला: म्हणजे पुन्हा पत्रच! छान.

शिस्तप्रिय: खरं कारण कोणी बोलत नाहीये. नोटिशीचा शेवटचा परिच्छेद काढा: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी १०:३० वाजता घेण्यात येईल व त्यास गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." हे वाचलं की प्रत्येक जण साडेदहालाच येतो. सभा दहाची आहे हे तुम्हीच खोटं ठरवता.

सचिव_ठाणे: मग ते काढून कोरम झाला नाही तर? सप्टेंबरअखेरची मुदत कोण पाळणार, तुम्ही?

शिस्तप्रिय: चौऱ्याऐंशीत कोरम किती लागतो? दोन तृतीयांश किंवा वीस, यातलं कमी. म्हणजे वीस. पंचवीस जण येतात असं तुम्हीच लिहिलंय. मग तहकुबी कशी होते? दहाला बारा असतात, साडेदहाला पंचवीस. तो परिच्छेदच ही सवय लावतो.

नोटीसवाली: अर्धं पटतं. पण परिच्छेद काढलात आणि अर्ध्या तासात वीस झाले नाहीत, तर पुढची सभा सात दिवसांनंतर आणि तीस दिवसांच्या आत. गणपती, पितृपक्ष आणि हॉलचं भाडं बघता तो महिना कुठून आणणार? परिच्छेद ठेवा, पण बारीक अक्षरात तळाला टाका आणि दहाला हजेरीवही उघडा. लोकांना गरज असलेला विषय पहिल्या अर्ध्या तासानंतर लगेच ठेवा.

शिस्तप्रिय: बारीक अक्षरात! बँकेच्या फॉर्मसारखं! हीच लबाडी लोकांना कळते.

नोटीसवाली: लबाडी म्हणायची हौस असेल तर म्हणा. चौवीस घरांच्या इमारतीत कोरम सोळाचा होतो आणि त्यातली आठ घरं भाड्याने असतात. तिथे तुमची शिस्त चालवून दाखवा. हो, तहकूब सभेत फक्त छापलेलेच विषय घेता येतात. नवा विषय घुसवला की तो ठराव टिकत नाही, हे साडेदहावाल्यांनी लक्षात ठेवावं.

दुबईकर: माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, भाऊ तिथे राहतो. त्याला अधिकारपत्र देऊन पाठवलं तर चालेल ना?

नोटीसवाली: नाही. अधिकारपत्र, मुखत्यारपत्र, दोन्ही सभेला चालत नाहीत. बायको सहसभासद असेल तर तुमच्या लेखी संमतीने तिला येता येतं. हे वाक्यही नोटिशीत टाका, सचिवसाहेब, दारातलं भांडण वाचतं.

हिशोबी_काका: आणि हिशोबाचे प्रश्न? पाच दिवस आधी लेखी न दिल्यास उत्तर नाही, असं छापायलाच हवं. एक माणूस वीज बिलावर चाळीस मिनिटं घेतो.

नोटीसवाली: "उत्तर नाही" छापू नका, सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क कमिटी काढू शकत नाही. "लेखी प्रश्न पाच दिवस आधी दिल्यास आकड्यांसह उत्तर मिळेल" असं छापा. ज्याला खरंच आकडे हवेत तो देतो. आणि हिशोबपत्रकं नोटिशीबरोबरच जायला हवीत. ऑडिट रिपोर्ट उशिरा आला म्हणून ती सभेच्या दिवशी टेबलावर ठेवता, मग लोक तिथेच वाचायला लागतात. तुमची चाळीस मिनिटं तिथे जातात, काका.

हिशोबी_काका: ऑडिटर सप्टेंबर उजाडेपर्यंत फोन उचलत नाही, हे तुमच्या पुस्तकात कुठे आहे? बरं, आकड्यांसह उत्तरवालं वाक्य वापरतो. त्यात काही चुकलं तर तुमचं नाव सांगेन.

शिस्तप्रिय: रंगकाम तुम्ही म्हणता तसं आधी घेतलं की ते झाल्यावर अर्धे उठतात. मग ऑडिटरची नेमणूक आठ जण करतात, तीही कमिटीतले. रंगकाम शेवटीच हवं.

नोटीसवाली: शेवटी ठेवलंत तर दीड वाजता कंटाळलेल्या बारा जणांनी पंधरा लाखांची वर्गणी मंजूर केली म्हणून वर्षभर बोंब. ऑडिटरची नेमणूक रंगकामाच्या आधी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक विषयापुढे वेळ छापा: इतिवृत्त १०:३०, हिशोब १०:४०, ऑडिटर ११:१०, रंगकाम ११:१५.

शिस्तप्रिय: म्हणजे दहाची सभा तुम्हीही साडेदहालाच सुरू करताय. कळलं.

सचिव_ठाणे: दंडाचं राहू द्या. फुटाचा हिशोब काढायला कार्पेटची यादी कोणाकडे असते? बिल्डरने दिलेल्या यादीत बिल्टअप आहे.

नोटीसवाली: नोंदणीकृत करारनाम्यांतून काढा, सभासदांकडून प्रती मागवा. आता सुरू केलंत तर नोटिशीच्या आधी होईल. बिल्टअप धरून पाठवलंत तर रंगकामाच्या विषयाला फुटांचंच भांडण होईल.

तिसरा_मजला: माझ्या करारात कार्पेट लिहिलेलंच नाही. आणि गळती अजून आहे.